कोडॅक की फुजी: लाट एकच, गत वेगळी

डिजिटल कॅमेऱ्यानं फोटोच्या फिल्मचा धंदा बुडवला, पण कोडॅक आणि फुजी या दोन फिल्म कंपन्यांची गत वेगळी झाली. कोडॅकच्याच इंजिनिअरनं 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता, पण फिल्मवर मार्जिन इतकं तगडं की स्वतःचाच धंदा कोण मारणार, मग डिजिटलमध्ये उतरले तरी तिथं तसा नफा नव्हता आणि 2012 ला दिवाळखोरी.

फुजीनं विचारलं, आपल्याला नेमकं येतं काय? फिल्मचा पारदर्शक बेस बनवायचं कसब एलसीडी स्क्रीनच्या फिल्मसाठी वापरलं, फिल्ममध्येच लागणाऱ्या कोलॅजनचं ज्ञान त्वचेच्या क्रीममध्ये. मला फुजीचाच रस्ता पटतो, पण नोकऱ्या तिथंही हजारोंनी गेल्या हो, कंपनी वाचली म्हणजे फिल्म लाइनवरचा कामगार वाचला असं नाही.