रेघ पुसायची, तारा नाही: ब्रश, मीडियन की सिग्मा?

मार्चमध्ये पहाटे साडेचारला काणकोणच्या गालजीबाग किनाऱ्यावर आकाशगंगा छान वर आलेली असते. पण पहाट जवळ आली की उपग्रहांवर ऊन पडायला लागतं आणि त्यांच्या रेघा उमटतात. वरून विमानं आहेतच. त्या रेघा काढायच्या कशा, हे खरं तर तुम्ही किती फ्रेम आणल्या यावर ठरतं.

ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरवर चार मिनिटांचा एकच फोटो घेतला असेल तर हातात फक्त हीलिंग ब्रश उरतो. तो रेघेवर शेजारचं आकाश चिकटवतो. रेघेखालचे तारे जातात आणि शेजारचे तिथे पुन्हा उगवतात. इन्स्टावर चालेल, पण त्याला तारे वाचवणं म्हणता येणार नाही.

त्यापेक्षा दहा-दहा सेकंदांच्या २४ फ्रेम घ्या आणि ताऱ्यांवर जुळवून स्टॅक करा, म्हणजे एकत्र करून एकच फोटो बनवा. रेघ एका पिक्सेलवर एखाद्याच फ्रेममध्ये असते, तारा मात्र सगळ्यांत. मीडियन, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची सगळ्या फ्रेममधली मधली किंमत, घेतला की रेघ गायब, अगदी पाच-सहा फ्रेम असल्या तरी. किंमत मोजावी लागते ती नॉइजमध्ये: सरासरीपेक्षा साधारण २५ टक्के जास्त. म्हणजे २४ फ्रेम काढून काम झालं जेमतेम १५-१६ फ्रेमचं.

सिग्मा क्लिपिंग पिक्सेलच्या किमतींचा पसारा, म्हणजे सिग्मा, मोजून फक्त वेगळी पडलेली किंमत फेकतं आणि उरलेल्यांची सरासरी घेतं. म्हणून नॉइज कमी. पण थोड्या फ्रेमवर ते फसतं. समजा सहा फ्रेम आहेत. पाचांत पिक्सेल १००, एकात रेघेमुळे ४००. सरासरी १५०, सिग्मा साधारण १२२. तीन सिग्माची हद्द ५१७ वर जाते आणि ४०० ची रेघ सुखरूप आत राहते! रेघेनेच सिग्मा फुगवून ठेवलेला असतो. मी सुरुवातीला हेच करून सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या होत्या. पंधरा-वीस फ्रेम झाल्या की ही अडचण उरत नाही. सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विन्सराइज्ड प्रकार घ्या, फुगलेल्या सिग्माला तो बराच आवर घालतो:

```
register light
stack r_light rej w 3 3 -norm=addscale -rejmaps -out=nikal
```

`-norm` गाळू नका. किनाऱ्यावरच्या दमट हवेत आकाशाचा उजेड फ्रेमागणिक बदलतो. तो सारखा केला नाही तर चांगल्या फ्रेमचे पिक्सेलही वेगळे पडलेले ठरतात.

विमान मात्र हट्टी. त्याच्या दिव्यांभोवतीची फिकट आभा हद्दीच्या आत राहून जाते. अशी फ्रेम सरळ काढून टाका. २४ च्या २३ झाल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही.

माझी निवड: दहाच्या आत फ्रेम असतील तर मीडियन, वीसच्या वर असतील तर सिग्मा. मधल्या आकड्यांना दोन्ही करून बघा.

तारे दुखावले का, ते फेकलेले पिक्सेल दाखवणाऱ्या रिजेक्शन मॅपवर दिसतं. तिथे रेघा आणि विखुरलेले ठिपके दिसले तर ठीक. तेजस्वी ताऱ्यांच्या जागी कडी किंवा गोळे दिसले तर ताऱ्यांचे गाभेच छाटले जाताहेत. आधी जुळणी तपासा, मग वरची हद्द, म्हणजे दुसरा ३, चारवर न्या.