ड्रॉइंग उशिरा आली की ईओटी कशी मागायची: शेवटी एक मोठं पत्र की ड्रॉइंगवार नोटीस?

पुण्यात प्रायव्हेट कामावर असाल तर जीएफसी म्हणजे बांधकामासाठी मंजूर ड्रॉइंग वेळेवर येणार नाहीत हे धरूनच चालायचं असतं, त्यामुळे ईओटी म्हणजे मुदतवाढ मागायची का हा प्रश्नच नाही, कुठल्या शब्दांत मागायची एवढाच आहे. साइटवर याची दोन घराणी दिसतात. एक म्हणतं की सगळं साठू द्या, मग एकच पत्र टाका: "वेळोवेळी ड्रॉइंग उशिरा मिळाल्याने कामाच्या प्रगतीवर परिणाम झाला आहे, तरी योग्य ती मुदतवाढ द्यावी, आमचे सर्व हक्क राखीव आहेत." दुसरं म्हणतं की ज्या ड्रॉइंगने काम अडलं त्या एका ड्रॉइंगचं एक पत्र, तेव्हाच्या तेव्हा. मी दोन्हीकडची पत्रं लिहिलीत, आता दुसऱ्याकडे झुकलोय, पण पहिल्याला उगाच नावं ठेवणार नाही.

कारण पहिल्याचा फायदा खरा आहे. क्लायंटचा प्रोजेक्ट मॅनेजर फोन करून म्हणतो, "अहो पत्र कशाला पाठवताय साहेब, बसून बोलू की", आणि खरंच बसून बोलून बरंच मिटतं. दर आठवड्याला पत्र गेलं की त्याला ते लेटरबाजी वाटते, आरए म्हणजे चालू कामाच्या बिलावर सही व्हायला आपोआप वेळ लागायला लागतो, हे कुणी बोलून दाखवत नाही पण सगळ्यांना माहितीये. शिवाय आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि एमईपी तिन्हीची ड्रॉइंग एकमेकांत अडकून उशिरा येत असतील तर कुठल्या ड्रॉइंगने किती दिवस खाल्ले हे वेगळं काढणं कधीकधी खरंच जमत नाही. अशा वेळी शेवटी एकत्र मांडणी करावीच लागते. पण बसून बोलणारा माणूस मध्येच बदलला, किंवा शेवटच्या बिलात एलडी म्हणजे उशिराची भरपाई कापायची वेळ आली, की टेबलावर फक्त कागद उरतो.

माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट बालेवाडीच्या एका कमर्शियल बिल्डिंगची. पोडियमच्या वर ट्रान्सफर स्लॅब होता, त्याच्यावर अख्खा टॉवर उभा राहणार, म्हणजे हे काम क्रिटिकल पाथवर आहे, ते लांबलं की अख्खं प्रोजेक्ट लांबतं, यात वादच नव्हता. बेसलाइन प्रोग्रॅममध्ये स्लॅबची सुरुवात 20 मे. जीएफसी हातात आल्यावर बीबीएस म्हणजे सळई कापण्या-वाकवण्याची यादी करणं, सळईची ऑर्डर, कटिंग-बेंडिंग मिळून 18 दिवस धरलेले, म्हणून ड्रॉइंग हवं होतं 2 मेला. आलं 10 जूनला. हेड ऑफिसने तोपर्यंत थांबून, मग जूनच्या शेवटी वर लिहिलंय त्या धाटणीचं पत्र पाठवलं: पोडियमची ड्रॉइंग वेळेत मिळाली नाहीत, सबब मुदतवाढ.

पीएमसीचं, म्हणजे क्लायंटने नेमलेल्या प्रोजेक्ट सल्लागाराचं, उत्तर एका ओळीचं आलं. सदर ड्रॉइंग 24 मे रोजी ई-मेलने पाठवलेलं आहे.

आणि चीड याची येते की ते खोटं नव्हतं. 24 मेला खरंच एक पीडीएफ आली होती. तिच्यावर "फक्त माहितीसाठी" असा शिक्का, बीमचे साइज दिलेले, सळईचा तपशील नाही, आणि दोन मोठ्या बीमभोवती ढग काढून "होल्ड" लिहिलेलं. त्यावरून शटरिंगचा अंदाज घेता येतो, बीबीएस करता येत नाही. पण आमच्या पत्रात होतं "ड्रॉइंग मिळाली नाहीत", कुठलं ड्रॉइंग नाही, कुठल्या स्टेटसचं नाही, कुठली रिव्हिजन नाही. मग त्यांनी 24 मे धरली, 18 दिवस मिळवले, 11 जूनला काम सुरू करता आलं असतं असं मांडलं. आमच्या 10 जूनला 18 मिळवले तर येतात 28 जून. म्हणजे 17 दिवसांचा फरक, तोही साइटवर काय घडलं यावरून नाही, पत्रात एक शब्द मोघम होता यावरून. पुढच्या तीन-चार मीटिंगा फक्त "ड्रॉइंग मिळालं म्हणजे काय" यावर गेल्या, खऱ्या उशिराचा विषय निघालाच नाही.

आता हेच ड्रॉइंगवार पद्धतीने कसं दिसलं असतं ते बघा. पत्र इंग्रजीतच जातं, इथे मजकूर मराठीत देतो:

"विषय: कलम 1.9 व 20.1 खाली नोटीस. मंजूर प्रोग्रॅमप्रमाणे ट्रान्सफर स्लॅबच्या सळईचं ड्रॉइंग एसटी-204, बांधकामासाठी मंजूर असा शिक्का असलेलं, 2 मेपर्यंत हवं होतं. आज 6 मेपर्यंत या स्टेटसचं ड्रॉइंग मिळालेलं नाही. ते मिळाल्यावर बीबीएस, सळई व कटिंग-बेंडिंगला 18 दिवस लागतात, त्यामुळे 20 मेला सुरू होणारं क्रिटिकल पाथवरचं काम लांबणार आहे. परिणाम चालू असल्याने एकूण दिवस आज सांगता येत नाहीत, तपशील वेळोवेळी देऊ. मुदतवाढ आणि होणारा खर्च, दोन्हीचा दावा आम्ही करणार आहोत."

आणि 24 मेला ती पीडीएफ आली की त्याच दिवशी दोन ओळी: "आज आलेली प्रत माहितीसाठी आहे, तिच्यात सळईचा तपशील नाही व दोन बीम होल्डवर आहेत, त्यामुळे 6 मेची नोटीस कायम आहे." बास. या दोन ओळींना लिहायला पाच मिनिटं लागतात आणि माझ्या मते सगळ्या पत्रव्यवहारात यांचं वजन सगळ्यात जास्त असतं.

कलमांचे नंबर फिडिक या आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटनेच्या 1999 च्या रेड बुक या नमुना कॉन्ट्रॅक्टचे आहेत, कारण आपल्याकडची बरीच प्रायव्हेट कॉन्ट्रॅक्ट तिथूनच उचललेली असतात, तुमचं काय म्हणतं ते मात्र उघडून बघा. तिथे 1.9 मध्ये खरं तर दोन नोटिसा आहेत आणि पहिली जवळपास सगळेच गाळतात. पहिली उशीर व्हायच्या आधीची: हे ड्रॉइंग अमुक तारखेपर्यंत हवं, का हवं, आणि नाही आलं तर कशाला किती फटका बसेल. दुसरी, फटका बसल्यावर. आमच्या केसमध्ये पहिली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जायला हवी. नुसतं "कृपया ड्रॉइंग लवकर द्यावं" हे स्मरणपत्र झालं, त्याला नोटीस म्हणवून घेताना पुढे दमछाक होते.

मग 20.1 खाली दाव्याची नोटीस द्यायचे 28 दिवस, घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून. ते नक्की कुठून मोजायचे यावर वाद होऊ शकतो, मी आपलं सगळ्यात वाईट धरतो, म्हणजे 2 मे. तिथून 28 दिवस 30 मेला संपतात. म्हणजे ड्रॉइंग हातात यायच्या आधीच नोटीसची मुदत गेलेली! जे म्हणतात ड्रॉइंग आल्यावर एकूण दिवस मोजून पत्र टाकू, त्यांचं इथेच अडतं. म्हणूनच पहिल्या पत्रात दिवसांचा आकडा टाकायची घाई नको. तपशीलवार दावा 42 दिवसांत, आणि परिणाम चालूच असेल तर तो अंतरिम धरला जातो, दर महिन्याला भर घालायची आणि परिणाम संपल्यावर 28 दिवसांत शेवटचा. अशा मुदती आपल्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 28 पुढे टिकतात का यावर वकील लोक भांडतात, त्यांना भांडू द्या, आपण तारीख पाळलेली बरी.

शेवटच्या दाव्यात किती दिवस मागायचे? 20 मे ते 28 जून म्हणजे 39, आणि मोह तोच होतो. पण खालचे कॉलम आमच्याच शटरिंगच्या टंचाईमुळे 1 जूनला पूर्ण झाले. ड्रॉइंग वेळेवर आलं असतं तरी 1 जूनच्या आधी स्लॅबला हात लागला नसता. तेव्हा मागायचे 27, आणि ते 12 का सोडले हे आपणच एका वाक्यात लिहायचं. काहींना हे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं वाटेल, मला मात्र असं दिसलंय की पीएमसीचा प्लॅनिंगवाला ते 12 दिवस शोधून काढतोच, आणि त्याने काढले की बाकीच्या 27 कडेही तो संशयाने बघतो. मोठ्या एकत्रित पत्रात ही कबुली द्यायला जागाच नसते कारण तिथे कुठलाच उशीर वेगळा दिसत नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे जिन्याच्या रेलिंगचं ड्रॉइंग दोन महिने उशिरा आलं तरी त्याला फ्लोट म्हणजे प्रोग्रॅममध्ये मोकळे दिवस असतील तर त्याचे दिवस शून्य, त्यासाठी नोटीस टाकून ठेवा हवं तर, पण बेरजेत घेऊ नका.

रिव्हिजन हा वेगळाच ताप. 21 जूनला आर1 आलं, त्यात दोन बीमची खोली बदललेली, म्हणजे त्या बीमची सळई तोवर कापून झाली असेल तर ती गेली. ही नवी घटना, नवं पत्र, नवे 28 दिवस. जुन्या पत्राला "शिवाय रिव्हिजनमुळेही" असं शेपूट जोडलं की दोन्हीचा गुंता होतो.

खर्चाबद्दल एकच सांगतो. क्लायंट ईओटी बऱ्याचदा देतो, पण सोबत "कोणत्याही नुकसानभरपाईशिवाय" असं छापलेलं पत्र सहीला देतो. वाढीव मुदत गुपचूप स्वीकारली तर कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 55 आडवं येऊ शकतं, कारण उशिराचं काम स्वीकारताना भरपाई मागणार असल्याचं तेव्हाच कळवावं लागतं. म्हणून पहिल्या नोटिशीत "मुदतवाढ आणि खर्च" हे दोन्ही शब्द हवेत, आणि अशा छापील पत्रावर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

सरकारी कामावर असाल तर गणित थोडं बदलतं. तिथे कामातले अडथळे नोंदवायचं हिंड्रन्स रजिस्टर असतं आणि बरेच जण त्यातल्या नोंदीवर निवांत असतात. सीपीडब्ल्यूडी या केंद्राच्या बांधकाम खात्याच्या कॉन्ट्रॅक्टच्या कलम 5 मध्ये मात्र घटनेपासून 14 दिवसांत ठरलेल्या फॉर्मवर लेखी अर्ज लागतो, तेव्हा रजिस्टरची नोंद हा पुरावा समजा, अर्ज नव्हे.

तरीही एकत्रित पत्र कुणी वापरावं? काम छोटं असेल, क्लायंटशी वीस वर्षांचा घरोबा असेल आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये नोटीसची मुदतच नसेल, तर खुशाल वापरा. बाकीच्यांनी लेटरबाजीचा शिक्का टाळायला एक करता येतं: फक्त क्रिटिकल पाथवरच्या ड्रॉइंगची नोटीस काढायची, पाठवायच्या आधी समोरच्याला फोन करून सांगायचं की साहेब कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे म्हणून पाठवतोय, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये जो पत्ता आणि जो माणूस लिहिलाय त्याच्याकडूनच पोच घ्यायची. व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकांवर मी तरी विसंबत नाही.