ड्रॅग फ्लिक की डावीकडची स्लिप? आधी स्टॉपर बघा

तालुका हॉकी स्पर्धेआधी कोणता पेनल्टी कॉर्नर पक्का करायचा, हे ठरवताना बरेच संघ नुसते गोल मोजतात. मुरमाच्या मैदानावर त्यातून चुकीचा निष्कर्ष निघतो, कारण पुश केलेला चेंडू खड्यावरून उडतो आणि शॉटची वेळच येत नाही. म्हणून दर कॉर्नरला सहा गोष्टी लिहा: ठरलेला प्रकार, पुश कोणी केला, चेंडू थांबवणारा स्टॉपर कोण, स्टॉप साफ की हुकला, शॉट कोणाचा, निकाल काय. प्रकार ठरला होता तोच लिहायचा. स्लिप ठरली, स्टॉप हुकला आणि गर्दीत कोणी गोल केला, तर तो स्लिपच्या खात्यात जात नाही. बचावपटूच्या पायाला लागून पुन्हा कॉर्नर मिळाला, तर त्याला अपयश न म्हणता वेगळी खूण करा.

समजा, 7 नंबरचा पोरगा थेट फ्लिक मारतो आणि 10 नंबरचा स्लिपवर, म्हणजे डावीकडे सरकवलेल्या चेंडूवर, हिट घेतो. सरावाची वही अशी दिसते:

| | फ्लिक (7) | स्लिप (10) |
|---|---|---|
| ठरलेले कॉर्नर | 24 | 12 |
| साफ स्टॉप | 15 | 10 |
| गोल | 5 | 3 |
| दर कॉर्नरला यश | 21% | 25% |
| साफ स्टॉपनंतर यश | 33% | 30% |

वरच्या टक्केवारीत स्लिप सरस, खालच्या टक्केवारीत फ्लिक. आता स्टॉपरचा रकाना उघडा. पहिल्या स्टॉपरने 18 पैकी 16 चेंडू साफ थांबवले, दुसऱ्याने 18 पैकी 9. दुसऱ्याच्या वाट्याला फ्लिकचे 16 कॉर्नर आले, स्लिपचे फक्त 2. म्हणजे फ्लिक मागे पडली ती स्टॉपमुळे, 7 नंबरमुळे नाही. खालच्या ओळीतला तीन टक्क्यांचा फरकही धरू नका: स्लिपचा एक गोल कमी झाला असता, तर 30 चे 20 झाले असते.

आमचा सल्ला असा, की पहिला स्टॉपर दोघांनाही द्या आणि एक फ्लिक, एक स्लिप असे आलटून पालटून प्रत्येकी 20 कॉर्नर घ्या. आधी सगळ्या फ्लिक घेतल्या, तर नंतरच्या स्लिपपर्यंत पोरं थकलेली असतात आणि जमीनही उखडलेली असते.

मोबाइल डीच्या टोकामागे बारा-पंधरा मीटरवर, जरा बाजूला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उंच ठेवा. पुशची खूण गोलपोस्टपासून 10 मीटरवर असते. ती आणि पलीकडचा पोस्ट दोन्ही चौकटीत आले पाहिजेत. सेकंदाला 60 फ्रेम ठेवल्या, तर चेंडू स्टिकवर मेला की उसळला ते हळू चालवून कळतं.

उंची मात्र त्या अंतरावरून दिसत नाही. कॉर्नरवरचा पहिला शॉट हिट असेल, तर चेंडूने 460 मिलिमीटरच्या आत गोलरेषा ओलांडावी लागते. फ्लिकला ही अट नाही. गावच्या पाइपच्या गोलला ही उंची दाखवणारी तळाची फळी नसते, तेव्हा दोन्ही पोस्टवर 46 सेंटिमीटरला लाल रंगाची रेघ ओढा आणि एक जण गोलरेषेच्या बाजूला, पोस्टपासून सुरक्षित अंतरावर, वही घेऊन उभा करा. नाहीतर 10 नंबरच्या खात्यात असे गोल चढतील, जे सामन्यात पंच देणार नाहीत.