रॅम्पवरचं ‘अँटी-स्किड कोटिंग’: नमुना एक, काम दुसरंच

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या प्रवेशाला पॉलिश ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि शेजारी रॅम्प आहे. पावसाळ्यात तिथे दरवर्षी कुणी ना कुणी आपटतंच. म्हणून मे महिन्यात एका ठेकेदाराकडून चौरस फुटाला साठ रुपये दराने पारदर्शक अँटी-स्किड कोटिंग करून घेतलं.

नमुना म्हणून त्याने आधी खालच्या पायरीचा हातभर तुकडा रंगवून दाखवला. तो खरोखर खरखरीत होता. आम्ही पाणी ओतून अनवाणी चालून पाहिलं, पाय धरत होता. कमिटीने निम्मे पैसे आगाऊ दिले. बाकीचं काम त्याच्या पोरांनी रात्री उरकलं, कारण दिवसा ये-जा असते. सकाळी सगळं छान चमकत होतं. खरं तर तिथेच शंका यायला हवी, कारण जे पायाला धरतं ते इतकं चमकत नाही.

पहिल्याच सरीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रॅम्पवर घसरल्या, मनगट मोडलं. महिन्याभरात स्कूटरच्या चाकाखाली पापुद्रे सुटू लागले. एक पापुद्रा हातात घेतला तर काचेसारखा गुळगुळीत. अशा कोटिंगमध्ये पकड देते ती त्यात मिसळलेली बारीक कठीण रेती. ती वगळली की उरतं नुसतं वार्निश, आणि ते ओलं झालं की मूळ दगडाइतकंच निसरडं. नमुन्यात रेती होती, उरलेल्या कामात नव्हती. वर पॉलिश दगडावर ते नीट चिकटलंही नव्हतं.

जाब विचारला तर त्याने ‘आर-११’ ही घसरण रोखण्याची श्रेणी लिहिलेला कागद पुढे केला. नीट वाचल्यावर कळलं, तो कुठल्याशा टाइलचा होता. ही आर श्रेणी कारखान्यातून येणाऱ्या पृष्ठभागाची असते. तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालून ती ठरवतात. आमच्या दगडावर रात्री फासलेल्या थराशी तिचा काय संबंध? बाथरूमच्या टाइलसाठीही नुसती आर बघून भागत नाही, कारण तिथे पाय अनवाणी आणि पाणी साबणाचं. त्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे, त्यातली सी सर्वांत पकड देणारी. दुकानदाराकडे तीच मागा.

असं काम करून घेणार असाल तर ते दिवसाउजेडी करून घ्या, आणि वाळल्यावर नमुन्यावर नव्हे तर मधल्या तीन-चार जागी ओल्या हाताने चोळून बघा. बिलात ‘रेतीमिश्रित’ हा शब्द लिहून घ्या. आमच्या बिलात तो नव्हता, त्यामुळे आगाऊ दिलेले पैसे बुडाले. उरलेले तेवढे आम्ही दिले नाहीत.

शेवटी पापुद्रे खरवडून काढले आणि ग्राइंडरने दगडातच खाचा मारून घेतल्या. पायऱ्यांना कडेशी तीन ओळी, रॅम्पवर तिरक्या, म्हणजे पाणी खाचांत न साचता बाजूच्या गटारात जातं. ग्रॅनाइटची चमक गेली म्हणून दोघे सभासद अजून कुरकुरतात.