२३ दुरुस्त्या, यादीत २२: भागीदारीपत्रात मी कशी फसले

भागीदारीच्या बँक खात्यातून ३,४०,००० रुपये गेले, आणि तेही माझ्याच सहीच्या जोरावर.

भागीदारीपत्राचा मसुदा मुद्रितशोधनाला द्यायचं आम्ही दोघांनी ठरवलं, पण पाठवला भागीदाराने. दुरुस्त प्रत आणि सोबतचं पत्रही त्याच्याच हातून माझ्याकडे आलं. पत्रात दुरुस्त्यांची यादी होती: कलम, पान, मूळ शब्द, नवा शब्द, कारण. ऱ्हस्व-दीर्घ, ‘पक्षकार’ की ‘भागीदार’ याची एकवाक्यता, एक कलम गाळल्यामुळे बदललेले क्रमांक. कोण संशय घेईल?

पत्राच्या पहिल्याच ओळीत होतं, ‘एकूण २३ दुरुस्त्या केल्या आहेत.’ यादी मात्र २२ वर संपत होती. हे मला दिसलं होतं! मुद्रितशोधकाच्याच पत्रात चूक म्हणून मी हसलेसुद्धा. तिथेच थांबायला हवं होतं. यादीतली एक ओळ उडवली की फाइलमधले क्रमांक आपोआप सरकतात, वरच्या वाक्यातला आकडा तसाच राहतो.

पैसे गेल्यावर मुद्रितशोधकाकडून मूळ पत्र मागवलं. त्यातली १४ वी ओळ अशी: ‘कलम ९, पान ४: “पक्षकार क्र. १ व २ यांच्या संयुक्त सहीने” ऐवजी “पक्षकार क्र. १ किंवा २ यांच्या सहीने”. हा भाषेचा नव्हे, आशयाचा बदल आहे. क्र. १ यांच्या सूचनेवरून केला. दोघांची लेखी संमती घ्यावी.’ क्र. १ म्हणजे माझा भागीदार, आणि कलम ९ खात्यातून पैसे काढण्याचं. म्हणजे मुद्रितशोधकाने इमानदारीत लिहिलं होतं, फक्त पाठवलं एकालाच. दस्त दोघांचा असेल तर पत्र दोघांना थेट जायला नको का? आणि आशयाचा बदल शुद्धलेखनाच्या रांगेत १४ वा कशाला? तो वर, वेगळा हवा.

वाचलं नाही असं कुणी म्हणू नका. अकरा पानं वाचली. पण ‘व’चा ‘किंवा’ झालेला नुसत्या वाचनात डोळ्याला टोचत नाही, वाक्य तर दोन्हीकडे सरळच लागतं. जुनी आणि नवी फाइल वर्डमध्ये `Review` > `Compare` ला लावली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. स्वच्छ प्रतीवर विसंबू नका, खुणांची प्रत मागा.

पोलीस म्हणाले, ‘दिवाणी बाब आहे, सही तुमचीच ना?’ मूळ पत्र पुढे केलं तर ‘वकिलाला दाखवा’. बँकेत पहिल्यांदा कलम ९ वाचून दाखवलं, जणू मला वाचता येत नाही. दुसऱ्यांदा ‘साहेब रजेवर’. तिसऱ्या खेपेला एक कारकून हळूच म्हणाला, ‘मॅडम, भागीदारांत वाद आहे, खात्यातून पैसे काढू देऊ नका, असं लेखी द्या ना.’ दिलं, पोचही घेतली. व्यवहार थांबले.

तेव्हा खात्यात ६,२०० रुपये उरले होते.