रात्री अकराचा डबा: जेवण वाढवावं, प्रोटीन वाढवावं की संध्याकाळ बदलावी?

वजन कमी करताना दिवसभर सगळं नीट चालतं आणि रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडतो, हे ज्यांचं होतं त्यांच्यासाठी लिहितेय. यावर तीन उपाय सगळेच सांगतात: रात्रीचं जेवण थोडं मोठं करा, जेवणात प्रोटीन वाढवा, नाहीतर जेवणानंतरचं रूटीन बदला. तिन्ही खरे आहेत, पण तिन्ही सगळ्यांसाठी नाहीत. आमच्याच घरात माझा आणि वहिनीचा प्रॉब्लेम दिसायला सेम टू सेम होता आणि उपाय निघाले अगदी उलटे.

आधी एक टेस्ट करा, फुकटची आहे. डब्याकडे हात गेला की स्वतःला विचारायचं, आत्ता कुणी सकाळची भाकरी आणि वाटीभर उसळ दिली तर खाईन का? खाईन असं उत्तर आलं तर ती भूक आहे, पोट खरंच रिकामं आहे. "नको, भाकरी नको, कुरकुरीत काहीतरी" असं आलं तर ती सवय आहे, किंवा कंटाळा, किंवा झोप. मी तर एकदा खरंच रात्री सव्वाअकराला शिळी भाकरी आणि मटकीची उसळ उभ्याउभ्या खाल्ली, तीही थंड, आणि बरं वाटलं. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "ई, आत्ता भाकरी कोण खाईल गं." झालं, निकाल तिथेच लागला.

जेवण मोठं करणं

माझं काय चाललं होतं ते सांगते. सकाळी पोहे, दुपारी डब्यात दोन पोळ्या, भाजी, कोशिंबीर, चार वाजता चहा आणि दोन बिस्किटं. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत सव्वाआठ आणि मग डाएट म्हणून दुधीचं सूप आणि काकडी. हिशोब केला तर रात्रीचं जेवण धरून जेमतेम ९५० कॅलरी होत होत्या, माझं टार्गेट होतं १५००. म्हणजे साडेपाचशेचा खड्डा मीच खणत होते आणि तो अकरा वाजता चिवडा, गूळ-शेंगदाणे, उरलेली बर्फी यांनी भरत होते. भरताना तो साडेपाचशेवर थांबायचा नाही, कारण फरसाण-चिवड्यात वाटीभरात दीड-दोनशे कॅलरी असतात आणि डब्यातून खाताना वाटी कोण मोजतं. वजन सहा आठवडे जागचं हललं नाही आणि मी समजत होते मी अगदी कमी खाते.

यात शरीराचाही दोष नाही. भूक दिवसभर सारखी नसते, शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे ती सकाळी सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या आसपास सगळ्यात जास्त असते, प्रयोगशाळेत उजेड, जेवण आणि झोपेच्या वेळा बदलून हे तपासलं गेलंय. मग त्या आठ वाजताच सूप पिऊन बसलं तर काय होणार?

म्हणून जेवण दीडशेवरून साडेपाचशेवर नेलं. घाबरत घाबरतच, कारण डोक्यात बसलेलं असतं की रात्री जड खाल्लं की चरबी होते. पण मी कॅलरी नव्या आणल्या नव्हत्या, अकराच्या आठला आणल्या होत्या, एवढंच. रात्रीचा हल्ला पहिल्याच आठवड्यात रोजच्यावरून दोन रात्रींवर आला.

हा उपाय कुठे फसतो तेही बघा. एक म्हणजे जेवण वाढतं आणि डबाही उघडाच राहतो, मग एकूण खाणं वाढतं. हे ओळखायचं कसं, तर रोज सकाळचं वजन लिहा आणि त्याची आठवड्याची सरासरी काढा, शेजारी फक्त "डबा उघडला" किंवा "नाही" एवढं लिहा. दोन आठवड्यांत डब्याच्या रात्री कमी झाल्या नसतील तर तुमचा आजार हा नाही. दुसरं, ज्यांचं जेवण साडेदहाला होतं आणि अकराला आडवं व्हायचं असतं त्यांनी ताट मोठं केलं की अॅसिडिटी होते. काहीजणांना तर ती जळजळ म्हणजे भूकच वाटते आणि वर बिस्किटं जातात. जेवण आणि झोप यात दोन-अडीच तास पाहिजेत. पण उलटही नको, सातच्या आत जेवण उरकायचं म्हणून सव्वासहाला जेवायचं आणि बाराला झोपायचं, मग मध्ये भूक लागली तर रडायचं कशाला, पावणेसहा तास झालेत!

प्रोटीन वाढवणं

आता इथे जरा थांबते, कारण "मी प्रोटीन खाते, रोज वरण असतं" हे वाक्य मी स्वतः वर्षभर म्हटलंय. पातळ वरणाच्या एका वाटीत चार-पाच ग्रॅम प्रोटीन असतं, बाकी पाणी. रात्रीच्या जेवणात २५-३० ग्रॅमपर्यंत जायचं तर नुसत्या वरणावर सहा वाट्या लागतील.

दोन ताटं शेजारीशेजारी ठेवते, दोन्ही साधारण साडेपाचशे कॅलरीचीच. पहिलं ताट: दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर पातळ वरण, अर्धी मूद भात. प्रोटीन चौदा-पंधरा ग्रॅम. दुसरं ताट: एक ज्वारीची भाकरी, दोन अंड्यांची भुर्जी चमचाभर तेलात, वाटीभर मटकीची घट्ट उसळ, अर्धी वाटी दही, सोबत काकडी-टोमॅटो. प्रोटीन अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे जवळपास दुप्पट. पहिल्या ताटावर मला साडेअकराला पुन्हा चुळबूळ व्हायची, दुसऱ्यावर नाही. हे माझं एकटीचं नाही, कमी कॅलरीवर ठेवलेल्या जाड पुरुषांवर झालेल्या, २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात जास्त प्रोटीनवाल्यांना दिवसभर पोट भरल्यासारखं जास्त वाटलं आणि रात्री उशिरा खायची इच्छाही कमी झाली. प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं, आणि भुर्जी-उसळ चावून खावी लागते, सूपसारखी तीन मिनिटांत संपत नाही, माझ्या मते हाही फायदाच.

अंडी न खाणाऱ्यांना सोया वडी सगळ्यात स्वस्त पडते, कोरडी ३० ग्रॅम घेतली की १५ ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी शंभरच्या आसपास. चव आवडत नसेल तर गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायची, दोन पाण्यातून काढायची आणि मग काळा मसाला घालून रस्सा करायचा, आमच्याकडे मुलं मटण म्हणून खातात (मटण खाणारी मुलं, म्हणजे बघा). पनीर चांगलं, पण ७५ ग्रॅममध्ये प्रोटीन चौदाच्या आसपास आणि कॅलरी दोनशेच्या वर, कारण फॅट बरंच. त्यामुळे पनीरच्या दिवशी पोळी एकच. शेंगदाण्याला प्रोटीन म्हणून मूठमूठ खाणारे खूप भेटतात, पण ३० ग्रॅम शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम प्रोटीनमागे १७० कॅलरी जातात, तो तोंडी लावायचा पदार्थ आहे, ताटातला मुख्य नाही. आणि किडनीचा त्रास असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचाच नाही.

फसतं कुठे? आहे त्या जेवणावर प्रोटीन नुसतं वाढवलं की. पोळ्या दोनच्या दोन, भात तसाच, वर पनीर. काहीतरी काढून त्या जागी ठेवायचं असतं.

संध्याकाळचं रूटीन

वहिनीचं जेवण मात्र आधीपासूनच छान होतं. साडेआठला व्यवस्थित साडेसहाशे कॅलरी, त्यात मासे किंवा अंडी असायचीच. माझं बघून तिने ताटात अजून पनीर घेतलं. सव्वादहाला सिरीयल लागली की डबा तरीही मांडीवर. पोट भरलेलं, हात मोकळा आणि समोर टीव्ही, याला प्रोटीन काय करणार? दोन आठवड्यांत वजन इंचभरही हललं नाही, उलट तीच वैतागली, "तुझं ऐकून पनीरचा खर्च मात्र वाढला."

मग आम्ही डबाच शोधला. तो होता ओट्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारी, म्हणजे पाणी प्यायला गेलं की हात लागणारच. घरात फरसाण बंद करणं शक्यच नाही, दादाला चहासोबत लागतं. म्हणून डबा वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय निघणार नाही असा. ज्याला खायचंय त्याने वाटीत काढून घ्यायचं, डबा हॉलमध्ये येणार नाही. साडेनऊला ओटा पुसून स्वयंपाकघराचा लाईट बंद आणि लगेच दात घासायचे, पेस्टच्या चवीवर चिवडा खरंच बेकार लागतो. आणि सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट तिचीच आयडिया: सिरीयल बघताना दुसऱ्या दिवसाचा लसूण सोलायचा, नाहीतर मेथी निवडायची. हात गुंतलेले, बोटांना लसणाचा वास, त्या हाताने फरसाण कोण खाणार. पहिले चार दिवस चिडचिड झाली, आठव्या-नवव्या दिवशी तिला डब्याची आठवणच आली नाही आणि दोन आठवड्यांच्या लसणाचा साठा झाला.

झोपेचंही यातच आलं. साडेबाराला झोपून सहाला उठणाऱ्याला रात्री दोन तास जास्त मिळतात खायला आणि कमी झोपेने गोड-तळलेलं जास्त ओढतं. माझं दुसऱ्या ताटानंतरही आठवड्यातून एखादी रात्र फसायची, ती नेमकी मोबाईलवर बारा वाजवलेली असायची.

मग निवडायचं काय

भाकरी टेस्टमध्ये "खाईन" आलं आणि रात्रीचं जेवण चारशेच्या खाली असेल तर आधी ताट मोठं करा, बाकी काही नको. जेवण पुरेसं आहे पण तीन तासांत खरी भूक लागते, तर तेवढ्याच कॅलरीत प्रोटीन वाढवा. "भाकरी नको" आलं तर ताटाला हात लावू नका, डबा आणि संध्याकाळ बदला. तिन्ही एकदम करू नका, काय लागू पडलं ते कळत नाही, एकाला दहा-बारा दिवस द्या. आणि जेवण-झोपेत चार तासांच्या वर अंतर असणं टाळताच येत नसेल, तर दहाला ठरवून वाटीभर दही नाहीतर कपभर बिनसाखरेचं दूध घ्या आणि ते दिवसाच्या हिशोबात धरा.

दोन जणांनी मात्र हे घरच्या घरी सोडवत बसू नये. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि रात्री घाम, थरथर होऊन भूक लागते, ती शुगर पडलेली असू शकते, तेव्हा डबा बंद करणं धोक्याचं, आधी शुगर तपासा, कमी असेल तर लगेच साखर घ्या, आणि डॉक्टरांना कळवा. आणि झोपेतून उठून, खाल्ल्याशिवाय परत झोपच येत नाही असं आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर तो वेगळा त्रास आहे, त्याला नाईट ईटिंग सिंड्रोम म्हणतात, तोही डॉक्टरांकडेच न्यायचा.

राहिली संकष्टी. दिवसभर साबुदाणा खिचडी, म्हणजे कॅलरी भरपूर आणि प्रोटीन जे काय ते दाण्याच्या कुटातलं, चंद्रोदय साडेनऊचा, मग मोदक आणि वरण-भात. त्या रात्री मी काहीच मोजत नाही, सरासरी आठवड्याची असते.