कालसर्प दाखवून तो काढायचे पैसे मागणारं ज्योतिष संकेतस्थळ : काही महिन्यांच्या वापरानंतर

संकेतस्थळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच साच्याची बरीच संकेतस्थळं आणि अ‍ॅपं सध्या चालू आहेत, आणि खाली लिहिलेल्या तपासण्या त्यातल्या कुठल्याही एकाला लावता येतील. ज्योतिष खरं की खोटं या वादात मी शिरत नाही. मुद्दा एवढाच आहे की, तुमच्या पत्रिकेत दोष आहे असं सांगून तो काढायचे पैसे मागितले जातात, तेव्हा त्याच शास्त्राच्या नियमांनी ते सांगणं टिकतं का.

आधी जे चांगलं आहे ते. मोफत मिळणारी पत्रिका गणिताच्या दृष्टीने ठीक आहे. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी राशी, ग्रहांचे अंश, नक्षत्र आणि चरण हे सगळं जगन्नाथ होरा या मोफत सॉफ्टवेअरशी ताडून पाहिलं, लाहिरी अयनांश ठेवल्यावर जुळतं. अयनांश म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा अंशांचा फरक. रोजचं पंचांगही नीट आहे. फक्त टिळक पंचांग वापरणाऱ्या घरात अयनांश वेगळा असतो, त्यामुळे तिथल्या पत्रिकेशी काही अंशांचा फरक दिसेल. ती चूक नाही, पद्धतीतला भेद आहे. पत्रिका काढून घेण्यापुरतं हे संकेतस्थळ वापरायला हरकत नाही.

गडबड सुरू होते ती पत्रिकेखालच्या लाल चौकटीपासून. ‘कालसर्प दोष आढळला’ असं तिथे येतं, खाली विवाहात विलंब, पैसा न टिकणं, संततीची चिंता असे परिणाम येतात आणि त्याखाली ‘निवारण करा’ हे बटण. बटण दाबलं की दोन-तीन मिनिटांची मोफत चॅट मिळते आणि नंतर मिनिटाच्या दराने पैसे कापले जातात. दर सल्लागाराप्रमाणे बदलतो, साधारण 15 पासून 60 रुपयांपर्यंत. बोलणं शेवटी पूजेवर येतं आणि पूजेचे तीन दर समोर ठेवले जातात : 2,100, 5,100 आणि 11,000. मधला निवडावा अशीच मांडणी असते, कारण स्वस्तात ‘सामूहिक’ आणि महागात ‘अकरा ब्राह्मण’ असं लिहिलेलं असतं.

आता दोषाकडे येऊ. कालसर्पाची व्याख्या सोपी आहे. राहू आणि केतू नेहमी एकमेकांसमोर, 180 अंशांवर असतात. रवीपासून शनीपर्यंतचे सातही ग्रह त्या रेषेच्या एकाच बाजूला आले तर कालसर्प. यातून तीन गोष्टी निघतात, आणि सल्लागाराशी बोलण्याआधी त्या माहीत असाव्यात. पहिली, अंशांनी मोजला तर हा योग अयनांशावर अवलंबून नाही. सगळेच ग्रह सारखेच सरकतात, त्यामुळे त्यांची आपापसातली अंतरं तशीच राहतात. दुसरी, तो लग्नावरही अवलंबून नाही. जन्मवेळ दोन तास पुढे-मागे झाली तर राहू वेगळ्या स्थानात जाईल आणि कालसर्पाचं बारा नावांपैकी नाव बदलेल, अनंतचा कुलिक किंवा शेषनाग होईल. पण एखादा ग्रह अगदी राहू-केतूच्या काठावर नसेल तर योग होता तो राहील आणि नव्हता तो येणार नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. रवी, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी एका बाजूला जमले की ते बरेच दिवस तिथे असतात. त्या काळात योग चालू-बंद करतो तो चंद्र. तो सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत बारा राशी फिरतो, म्हणजे साधारण दोन आठवडे आत आणि दोन आठवडे बाहेर. आत असताना जन्मलेल्या प्रत्येक बाळाला, मग ते सांगलीत जन्मलेलं असो की सिडनीत, कालसर्प असतो.

हे पडताळायला स्वतःची पत्रिका लागत नाही. सर्वांना माहीत असलेली एक पत्रिका घ्या : 15 ऑगस्ट 1947, रात्री 00:00, दिल्ली. लग्न वृषभ, राहू तिथेच. मंगळ मिथुनेत, रवी, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी हे पाचही कर्केत, गुरू तुळेत आणि केतू वृश्चिकेत. सातही ग्रह राहू आणि केतूच्या मध्ये, म्हणजे पक्का कालसर्प, आणि राहू लग्नात असल्याने ‘अनंत’. ही जन्मतारीख भरल्यावर संकेतस्थळाने तो बरोबर दाखवला. त्याचबरोबर चंद्रापासून मंगळ बारावा म्हणून मंगळदोष दाखवला आणि चंद्र व शनी एकाच राशीत म्हणून साडेसातीही. तीन दोष, तीन पूजा, तीन बिलं.

मग फक्त तारीख बदलून 27 ऑगस्ट 1947 भरली. आता चंद्र धनू राशीत, केतूच्या पलीकडे. व्याख्येप्रमाणे कालसर्प संपला. संकेतस्थळाने मात्र ‘आंशिक कालसर्प’ दाखवला, चौकट तशीच लाल आणि पूजेचे दर तेच. इथे त्यांचं गणित चुकलेलं नाही, कारण ग्रहांच्या तक्त्यात चंद्र धनूतच आहे. दोषाची व्याख्या इतकी सैल केली आहे की बटण क्वचितच नाहीसं होतं. ‘आंशिक’ म्हणजे किती ग्रह बाहेर चालतात, हे विचारून पाहा. मला मिळालेली उत्तरं सल्लागारागणिक वेगळी होती. एक म्हणाला एक ग्रह, दुसरा म्हणाला दोन. तिसऱ्याने अयनांशाचं कारण दिलं, आणि ते इथे का लागू होत नाही ते वर लिहिलंच आहे.

जुन्या ग्रंथांचा आधार विचारणंही योग्य आहे. वराहमिहिराच्या बृहज्जातकात कालसर्प नाही, आणि परंपरा मानणारे बरेच ज्योतिषीही हा योग अलीकडचा मानतात. सल्लागार ‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणाला तर ग्रंथ आणि अध्याय मागा.

मंगळाचं गणितही एकदा करून ठेवावं. 1, 4, 7, 8, 12 या पाच स्थानांत मंगळ असला की दोष, म्हणजे बारांपैकी पाच, सुमारे 42 टक्के. संकेतस्थळ लग्नाबरोबर चंद्रापासूनही मोजतं. मग दोन्हींतून सुटण्याची शक्यता सात भागिले बाराचा वर्ग, म्हणजे सुमारे 34 टक्के उरते. शुक्रापासूनही मोजलं तर ती ढोबळमानाने 20 टक्क्यांवर येते. पाचातल्या चौघांना जो दोष निघतो, त्याने एकाच्या लग्नाची अडचण कशी समजावून सांगायची?

साडेसातीचंही तसंच आहे. शनी मार्च 2025च्या अखेरीस मीन राशीत आला. तेव्हापासून कुंभ, मीन, मेष यांना साडेसाती आणि सिंह, धनू यांना ढय्या, म्हणजे शनीचा अडीच वर्षांचा फेरा. बारांपैकी पाच राशी, एकाच वेळी.

सगळ्यात उपयोगी तपासणी वेगळीच आहे. जन्मतपशील भरताना फॉर्म ‘तुमची मुख्य अडचण’ विचारतो : विवाह, नोकरी, आरोग्य, संतती. तोच जन्मतपशील एकदा ‘विवाह’ निवडून आणि एकदा ‘नोकरी’ निवडून भरा. पत्रिका तीच, दोष तोच, पण परिणामांचा परिच्छेद बदलतो. म्हणजे ‘यांनी न सांगता माझी अडचण ओळखली’ असं जे वाटतं, ते आपणच दोन पानं आधी लिहून दिलेलं असतं. चॅटमध्ये एका सल्लागाराला सांगितलेलं दुसऱ्या सल्लागाराच्या तोंडून भाकीत म्हणून परत येतं, त्याचंही कारण हेच. आधीचं संभाषण त्यांना दिसतं.

पूजा घेतलीच तर व्हिडिओ तपासायची एक खात्रीची जागा आहे, ती म्हणजे संकल्प. त्यात गुरुजी नाव-गोत्राआधी शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार म्हणतात. हा त्या दिवसाचा शिक्काच असतो. शके 1947, म्हणजे 2025-26चं संवत्सर विश्वावसू होतं, तेव्हा त्या वर्षीच्या पूजेत दुसरं नाव ऐकू आलं तर चित्रीकरण जुनं आहे. कॅलेंडर समोर ठेवून तिथी आणि वार जुळवा. मला आलेल्या व्हिडिओत पूजेची तारीख कृष्ण पक्षातली होती आणि संकल्पात ‘शुक्ल पक्षे’ होतं. नाव आणि गोत्र नंतर वेगळ्या आवाजात जोडलेलं होतं. आणखी एक खूण आहे. पूजा त्र्यंबकेश्वरला झाली असं सांगितलं असेल आणि दिवस कृष्ण पक्षातला असेल, तर महिन्याचं नाव आपल्या अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपणाऱ्या पद्धतीने यायला हवं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. पुढच्या महिन्याचं नाव आलं तर पूजा बहुधा उत्तरेकडे कुठेतरी झालेली आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी त्र्यंबकेश्वरला स्वतः जाऊन, गुरुजींशी दक्षिणा आधी ठरवून, संकल्पाला स्वतः बसावं. निदान आपल्या नावाने काय झालं ते डोळ्यांसमोर असतं.

पूजेनंतर पत्रिका पुन्हा उघडली तर लाल चौकट तशीच असते. जन्मवेळचे ग्रह बदलत नाहीत, त्यामुळे ती राहणारच. पण मग ‘निवारण झालं’ हे कशावरून ठरवायचं? पैसे भरण्याआधी लेखी विचारा : नेमकं काय बदलेल, किती दिवसांत, आणि बदललं नाही तर काय? मला उत्तर आलं ते ‘श्रद्धेवर अवलंबून’ असं. अटींच्या पानावर तर सेवा केवळ मार्गदर्शनासाठी आहे आणि पूजेचे पैसे परत मिळणार नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. चौकटीतला ठामपणा त्या पानावर कुठेच नाही.

‘मुहूर्त 2 तासांत संपतोय’ असं घड्याळही पैसे भरण्याच्या पानावर येतं. पान नव्याने उघडलं की ते पुन्हा दोन तासांवर. अशी खोटी घाई ग्राहक संरक्षणाच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. त्या घड्याळाचे स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा, तक्रारीत तेच कामी येतात.

बाहेर पडताना आधी ऑटोपे बघा. वॉलेट ‘आपोआप भरा’ ही खूण आधीपासून लावलेली असते. अ‍ॅप काढून टाकलं तरी यूपीआयचं मॅन्डेट चालूच राहतं, ते तुमच्या पेमेंट अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन रद्द करावं लागतं. मग संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. माझ्या ईमेलला पोच आली, ती दुसऱ्या पूजेवरच्या सवलतीच्या कूपनसकट. त्यानंतरचा मार्ग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. आणि सल्लागाराने बोलणं अ‍ॅपबाहेर व्हॉट्सअ‍ॅपवर नेऊन स्वतःच्या खात्यावर पैसे मागितले असतील, तर ते प्रकरण ग्राहक तक्रारीचं राहत नाही. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे गोठवण्यासाठी पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

पत्रिका आणि पंचांग यासाठी पाचपैकी तीन तारे. निवारणाच्या विभागाला एकही नाही.